भाताच्या चिखलातला ताप: लेप्टोचे फसवे दिवस

कोकणात आषाढात लावणी जोरात असते तेव्हाच तापाची साथही सुरू होते. यातले बहुतेक ताप चार-पाच दिवसांत उतरतात. डेंग्यू, मलेरिया, साधा विषाणूजन्य ताप हे लोकांच्या ओळखीचे झाले आहेत. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे गावागावांत ज्याला नुसतं ‘लेप्टो’ म्हणतात तो ताप, सुरुवातीला यांच्यासारखाच दिसतो आणि बऱ्याच जणांमध्ये औषधाने किंवा आपसूक बराही होतो. काही रुग्णांमध्ये मात्र तापाच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास तो फुप्फुसांवर आणि मूत्रपिंडांवर एकाच वेळी घाला घालतो. फुप्फुसात मोठा रक्तस्राव झाला, तर जगभरच्या अनुभवानुसार निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात.

हा घाला सुरुवातीला दिसत नाही, हीच खरी अडचण. फुप्फुसात रक्त साचू लागतं, पण खोकला किरकोळ असतो. मूत्रपिंड निकामी होऊ लागतं, पण लघवी व्यवस्थित होत असते. घरच्यांना वाटतं, ताप थोडा कमी आहे, लघवी होते आहे, उद्या बघू. तो ‘उद्या’ महागात पडतो. हे दोन फसवे प्रकार नेमके कसे घडतात हे कळलं, तर काय मोजायचं आणि कधी धावायचं हेही कळतं.

चिखलातून रक्तात

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार, अतिशय बारीक जिवाणू आहे. उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या मूत्रपिंडात तो मुक्काम करतो आणि त्यांच्या लघवीवाटे बाहेर पडतो. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर तो लवकर मरतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र तो काही आठवडेही तग धरू शकतो. भाताचं खाचर, गोठ्याच्या कडेचं डबकं, तुंबलेलं गटार या त्याच्या सोयीच्या जागा. अखंड, कोरड्या त्वचेतून तो सहसा शिरत नाही. पण चिखलणी-लावणीत पाय दिवसभर पाण्यात भिजून मऊ पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा असतात, कोयत्याचा एखादा ओरखडा असतो. तिथून किंवा डोळ्यांच्या, नाकातोंडाच्या ओल्या अस्तरातून तो रक्तात जातो.

यानंतर ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, क्वचित महिनाही. त्यामुळे ताप आला त्या दिवशी माणूस शेतात गेलेलाही नसतो. डॉक्टरांनी ‘काल-परवा कुठे गेला होता’ एवढंच विचारलं, तर उत्तर चुकीच्या दिशेला नेतं. मागच्या महिनाभरात चिखलात, पुराच्या पाण्यात, गोठ्यात किंवा गटारात काम झालं का, हा योग्य प्रश्न आहे. शहरही याला अपवाद नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई कमरेएवढ्या पाण्यातून चालली. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोच्या रुग्णांनी तिथली रुग्णालयं भरली होती.

कावीळ नाही म्हणून लेप्टो नाही?

जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या या आजाराचं वर्णन केलं. तेव्हापासून गंभीर लेप्टो म्हणजे पिवळे डोळे, असं समीकरण अनेकांच्या मनात पक्कं झालं. ते अपुरं असल्याचं अंदमानने दाखवलं. तिथे १९८८ पासून पावसाळ्यानंतर ताप आणि थुंकीतून रक्त अशा आजाराच्या साथी येऊ लागल्या. कारण सापडत नव्हतं, म्हणून त्याला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असंच नाव पडलं. पोर्ट ब्लेअरच्या प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्राने १९९३ च्या साथीतल्या रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा हा लेप्टोच असल्याचं समोर आलं. १९९५ मध्ये निकाराग्वातही अशीच साथ आली. ताप, फुप्फुसात रक्तस्राव, आणि कावीळ मात्र नाही.

थोडक्यात, कावीळ असेल तर लेप्टोचा संशय बळावतो, पण ती नाही म्हणून संशय सोडून देता येत नाही.

एका रुग्णाचे सहा दिवस

पुढचं वर्णन कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार जे दिसतं, ते एका उदाहरणात गुंफलं आहे. सिंधुदुर्गातला चाळिशीचा शेतकरी, वजन साठ किलो, धडधाकट. लावणी संपून आठवडा झाला आहे.

पहिल्या दिवशी हुडहुडी भरून १०३ अंश ताप येतो. डोकं ठणकतं आणि मांड्या-पोटऱ्या इतक्या दुखतात की उकिडवं बसता येत नाही. पोटरी नुसती दाबली तरी तो कळवळतो. अंगदुखी सगळ्याच तापांत असते. पण पोटऱ्यांची एवढी हळवी वेदना ही लेप्टोची खूण आहे. दुसऱ्या दिवशी अंगदुखी सहन होईना म्हणून तो वेदनाशामक इंजेक्शन घेतो. इथेच पहिलं नुकसान होतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पावसाळ्यातल्या कारण न कळलेल्या तापात पॅरासिटामॉल तेवढं योग्य मात्रेत घ्यावं.

तिसऱ्या दिवशी डोळे लालभडक दिसतात. डोळे आल्यासारखे, पण चिपडं नाहीत आणि चिकटपणाही नाही. रक्ततपासणीत प्लेटलेट ७८ हजार येतात आणि घरात एकच शब्द फिरू लागतो: डेंग्यू. मात्र त्याच कागदावर बाकीच्या ओळीही आहेत. पांढऱ्या पेशी १३ हजार ४०० आहेत आणि त्यात न्यूट्रोफिल बहुसंख्य आहेत. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात. क्रिएटिनिन १.९ आहे, ते साधारण १.२ च्या आत असायला हवं. पोटॅशियम ३.१ आहे, ते किमान ३.५ हवं. लघवीत प्रथिनं आणि लाल पेशी आहेत. बिलिरुबिन ३.२ असलं, तरी यकृतातलं एसजीपीटी हे विकर जेमतेम दुप्पट झालं आहे. विषाणूजन्य काविळीत ते हजाराच्या घरात जाऊ शकतं. कमी प्लेटलेट, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, चढतं क्रिएटिनिन, उतरलेलं पोटॅशियम आणि मागे लावणीचा चिखल. हे सगळं एकत्र वाचलं की निदानाचं बोट लेप्टोकडे जातं. नुसत्या प्लेटलेटवर नजर खिळली, तर ते निसटतं.

लघवी होते आहे, तरीही

क्रिएटिनिन वाढतंय, तरी या शेतकऱ्याला दिवसभरात दीड-दोन लिटर लघवी होते आहे. मूत्रपिंड बिघडलं की लघवी बंद होते, ही आपली समजूत. लेप्टोत सुरुवात उलटी असते. जिवाणू मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये घर करतो. गाळलेल्या पाण्यातून सोडियम आणि क्षार परत रक्तात ओढून घेणं हे त्या नलिकांचं काम. तेच मंदावतं. मग क्षार आणि पाणी लघवीतून वाहून जातात आणि त्याबरोबर पोटॅशियमही. म्हणून मूत्रपिंडाच्या इतर आजारांत चढणारं पोटॅशियम इथे सुरुवातीला उतरतं. लघवी भरपूर दिसते, पण शरीरातली घाण बाहेर जात नाही आणि आतलं पाणी कमी होत जातं. त्यात ताप, उलट्या आणि रक्तदाब घसरणं याची भर पडली की मग लघवी खरोखर घटते. तोवर उशीर झालेला असतो.

यावरून निघणारा नियम साधा आहे. संशयित लेप्टोत लघवीवर विसंबू नये. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पहिल्याच तपासणीत करावं आणि प्रकृती नाजूक असेल तर रोज करावं.

खोकला किरकोळ, रक्त मात्र आत

चौथ्या दिवशी ताप थोडा उतरतो. घरच्यांना हायसं वाटतं. फक्त किंचित खोकला आहे आणि जिना चढताना धाप लागते. पूर्ण एक मिनिट श्वास मोजला तर तो २८ भरतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९१. थुंकीत रक्ताची बारीक रेघ एकदाच दिसली, पण ती हिरड्यांची असावी असं समजून सोडून दिली आहे.

फुप्फुसात कोट्यवधी हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्या भिंतींतून केशवाहिन्या जातात. लेप्टोत या वाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि नवा माठ पाझरावा तसं रक्त ठिकठिकाणांहून पिशव्यांमध्ये झिरपतं. एखादी मोठी वाहिनी फुटत नाही. त्यामुळे भळाभळा रक्त तोंडातून येत नाही. कित्येकदा तर रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातल्यावरच आतलं रक्त पहिल्यांदा दिसतं. रक्ताळलेल्या पिशव्यांमध्ये हवा पोचत नाही, म्हणून ऑक्सिजन घसरतो. काही तासांतच स्थिती कोलमडू शकते.

म्हणून रक्ताची वाट पाहायची नाही, श्वास मोजायचा. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला २४ च्या वर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, नव्याने आलेला खोकला, छातीत दुखणं किंवा थुंकीत रक्ताची एक रेघ: यातलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावं. तिथे छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना ढगाळ ठिपके दिसतात. हिमोग्लोबिन एका दिवसात १२.६ वरून ९ वर आलं आणि बाहेर कुठे रक्त गेलेलं नसेल, तर ते रक्त फुप्फुसात गेलं असण्याचा दाट संशय घ्यावा लागतो.

अहवालाआधी अँटिबायोटिक

लेप्टोची सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं शोधणं. पण शरीर ती बनवायला साधारण पाच ते सात दिवस घेतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची चाचणी नकारात्मक आली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या आठवड्यात पीसीआर चाचणी अधिक उपयोगी, मात्र ती सगळीकडे होत नाही. म्हणून रक्ताचा नमुना घ्यायचा आणि औषध त्याच वेळी सुरू करायचं. आयजीएम आठवड्याने पुन्हा करता येते.

आजार सौम्य असेल आणि रुग्ण घरी राहू शकत असेल, तर प्रौढांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. गर्भवती आणि लहान मुलांसाठी अमॉक्सिसिलिनसारखे पर्याय असतात. आजार गंभीर असेल तर औषध शिरेतूनच द्यावं लागतं: सेफ्ट्रायाक्झोन रोज १ ते २ ग्रॅम किंवा पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी, सात दिवस. थायलंडमध्ये या दोन औषधांची थेट तुलना झाली आणि दोन्ही सारखीच ठरली. सेफ्ट्रायाक्झोन दिवसातून एकदाच द्यायचं असल्याने तालुक्याच्या रुग्णालयातही ते सोयीचं पडतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर स्क्रब टायफस नावाचा दुसरा तापही असाच दिसतो आणि त्यावर सेफ्ट्रायाक्झोन चालत नाही. तो नाकारता येत नसेल, तर जोडीला डॉक्सिसायक्लिन दिलं जातं.

पहिल्या मात्रेनंतर काही तासांत कधी कधी पुन्हा थंडी वाजते आणि रक्तदाब उतरतो. जिवाणू एकदम मरून त्यांचे अंश रक्तात सांडल्याचा हा परिणाम असतो, औषधाची ॲलर्जी नव्हे. औषध बंद करायचं नसतं, रुग्णावर नजर ठेवायची असते.

अँटिबायोटिकची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ते जिवाणू मारतं. आधीच पाझरू लागलेल्या केशवाहिन्या ते ताबडतोब बंद करत नाही. म्हणूनच पहिली मात्रा लवकर मिळणं महत्त्वाचं. फुप्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडल्यावर रुग्णाला तगवते ती आधार देणारी शुश्रूषा.

शरीराला वेळ मिळवून देणं

आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याला सेफ्ट्रायाक्झोनची पहिली मात्रा ग्रामीण रुग्णालयातच मिळते. ती देऊन, नाकातोंडावर ऑक्सिजन लावून, १०८ च्या रुग्णवाहिकेतून त्याला अतिदक्षता विभाग आणि डायलिसिस असलेल्या रुग्णालयात हलवलं जातं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी औषध आणि ऑक्सिजन, मग प्रवास. ‘मोठ्या रुग्णालयात गेल्यावर बघतील’ म्हणून मात्रा राखून ठेवली, तर घाटातल्या रस्त्यात मोलाचे तास जातात.

तिथला सगळ्यात नाजूक निर्णय सलाईनचा असतो. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला पाणी हवं असतं. पण पाझरणाऱ्या फुप्फुसात जास्तीचं पाणी उतरतं. म्हणून बाटल्यांमागून बाटल्या लावत नाहीत. थोडं द्यायचं, रक्तदाब, श्वास आणि लघवी पाहायची, मग पुढचं ठरवायचं. रक्तदाब तरीही उठत नसेल, तर नॉरॲड्रेनॅलिनसारखं वाहिन्या आवळणारं औषध सुरू करतात.

पाचव्या दिवशी ऑक्सिजन देऊनही त्याचा श्वास आवरत नाही. त्याला झोप देऊन व्हेंटिलेटरवर घेतात. इथे फुप्फुसात जोराने हवा भरणं घातक असतं. अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे सुमारे सहा मिलिलिटर, म्हणजे या माणसाला एका श्वासात साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास, एवढीच हवा दिली जाते. श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब टिकवला जातो. त्यामुळे हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. प्लेटलेट २४ हजारांवर आल्या आहेत आणि रक्तस्राव चालू आहे, म्हणून प्लेटलेट आणि रक्त दिलं जातं. स्टेरॉइडची मोठी मात्रा काही ठिकाणी देतात. तिचा फायदा मात्र नि:संशय सिद्ध झालेला नाही.

क्रिएटिनिन ४.८ झालं आहे आणि लघवी आता घटली आहे. डायलिसिसला कधी सुरुवात करायची आणि किती वेळा करायचं, यावर ब्राझीलच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एक बोलका अनुभव प्रसिद्ध केला. लेप्टोमुळे मूत्रपिंड आणि फुप्फुस दोन्ही बिघडलेल्या रुग्णांत उशिरा आणि एक दिवसाआड डायलिसिस झालं, तेव्हा सुमारे ६७ टक्के दगावले. लगेच आणि रोज झालं, तेव्हा सुमारे १७ टक्के. एकूण रुग्ण ३३ होते, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. तरी दिशा स्पष्ट आहे: लेप्टोत डायलिसिससाठी ताटकळत बसायचं नाही. रक्त गोठू नये म्हणून एरवी डायलिसिसच्या यंत्रात हेपॅरिन वापरतात. फुप्फुसात रक्तस्राव असताना ते टाळलं जातं.

या शेतकऱ्याला सहाव्या दिवसापर्यंत रोज डायलिसिस मिळालं आणि फुप्फुसातलं रक्त वाढणं थांबलं, तर पुढचं चित्र बऱ्यापैकी आशादायक असतं. झिरपलेलं रक्त फुप्फुस हळूहळू शोषून घेतं. व्हेंटिलेटर काही दिवसांत निघू शकतो. मूत्रपिंड जागं होताना एक टप्पा असा येतो की दिवसाला चार-पाच लिटर लघवी होते. घरच्यांना हे बरं झाल्याचं लक्षण वाटतं आणि ते आहेही. पण त्या लघवीतून पोटॅशियम वाहून जातं आणि ते फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते. या दिवसांत पाणी आणि पोटॅशियम मोजून भरावं लागतं. बहुतेकांना कायमचं डायलिसिस लागत नाही. तरीही घरी आल्यावर क्रिएटिनिन पूर्ववत होईपर्यंत तपासत राहावं आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

लावणीआधी करण्याजोगं

चिखलात उतरण्याआधी पायांच्या जखमा झाकाव्यात. चिखल्यांवर उपचार करावा आणि शक्य तिथे गमबूट वापरावेत. भाताच्या गाळात बूट रुततात आणि काम होत नाही, हे शेतकऱ्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून जोखमीच्या भागांत हंगामापुरती डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची साप्ताहिक मात्रा आरोग्य यंत्रणा देते. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालावं लागलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घ्यावं, असं महापालिका सांगते. अंदमानात या साप्ताहिक मात्रेची चाचणी झाली. तिने संसर्ग थांबला नाही, पण आजारी पडणारे कमी झाले. म्हणजे गोळी घेतलेल्या माणसालाही ताप आला तर लेप्टोचा विचार करायलाच हवा. ही गोळी गर्भवतींनी आणि लहान मुलांनी घ्यायची नसते.

ताप आलाच, तर दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य ‘ताप आहे’ एवढंच नसावं. ‘दोन आठवड्यांपूर्वी लावणीत होतो, पायाला जखम होती, पोटऱ्या दुखतात’ असं सांगावं. आशाताईंनी ताप मोजताना श्वासही मोजावा. आणि डॉक्टरांनी प्लेटलेटच्या आकड्याशेजारी क्रिएटिनिनचा आकडा मागवून, अहवाल येण्याआधी पहिली मात्रा द्यावी.